पेज खाणाऱ्याची महागाई

घाटकोपरच्या बाजारात ठरलेल्या वारी, ठरलेल्याच दुकानांत, त्याच त्या मालाचे भाव लिहून आणणं ही माझी नोकरी. त्यातूनच महागाईचा आकडा निघतो आणि बाबांच्या पेन्शनवरचा महागाई भत्ता त्याच आकड्यावर वाढतो. मासेवाली मावशी दरवेळी चिडवते, "नुसता भाव विचारतेस, घेत कधीच नाहीस गं!"

घेऊ कुणासाठी? बाबा अंथरुणाला खिळलेत, पेजेशिवाय काही उतरत नाही.

यंदा भाज्या-डाळी स्वस्त झाल्या, म्हणून भत्ता जेमतेम वाढला. नेमका तेव्हाच त्यांना सांभाळणाऱ्या बाईंनी पगार वाढवून मागितला. औषधं, डायपरही महागले. बाबा म्हणाले, "तूच लिहितेस ना? जरा चढवून लिही की."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, ज्या मालावरून महागाई मोजतात ती टोपली कामगार कुटुंबांच्या सरासरी खर्चाची असते! तिच्यात खाण्याचा वाटा मोठा, औषधांचा छोटा. आपलं घर बरोब्बर उलटं आहे, त्याला मी काय करू?"

ते भिंतीकडे वळले.

पुढच्या खेपेला मावशी खुशीत ओरडली, "बोंबील उतरले गं!" बाबांचा जीव की प्राण होते बोंबील.

मी उतरलेला भाव लिहून घेतला.