होड्या ओढणारं पथक

इथे दक्षिणेच्या किनाऱ्यावर आमच्या इमारतीमागच्या कोळीवस्तीचा वादळ-पुराचा आराखडा करायला मी हौसेनं पुढे झालो आणि पहिल्याच कामात माती खाल्ली. तक्ते आखायला बँकेतल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. ‘उचलून नेणारं पथक’ असा रकाना करून त्यात वस्तीतले सगळे दणकट तरुण घातले, नावापुढे फोन नंबर. पिवळा इशारा आला की समुद्रातल्या होड्या परत. नारंगी आला की आजारी, म्हातारी माणसं आणि गरोदर बायका आधी शाळेच्या वरच्या मजल्यावर. लाल आला की घरात कुणीच नाही. उन्हातली रंगीत तालीम झकास झाली.

नोव्हेंबरात नारंगी इशारा आला. कर्ण्यावरून सूचना झाली, बायका पोरंबाळं घेऊन शाळेकडे निघाल्या. खाडीच्या कडेच्या घरात एक म्हातारी होती, अर्धांगानं खाटेला खिळलेली. मी पथकाला फोन लावत सुटलो. एक वाजून थांबला, दुसरा बंद, तिसरा कुणाच्या तरी बायकोनं उचलला. "सार, ते सगळे किनाऱ्यावर. दोर लावून होड्या वर ओढतायत."

वादळ येताना मच्छीमार होडीपाशीच असणार, हे मला कळायला वादळच यावं लागलं.

मी धावलो. म्हणजे पावसात माझं वजन जितकं धावू देतं तितका. गल्लीत खाडीचं पाणी पोटरीला लागत होतं. घरात सून एकटी, आणि म्हातारी हटून बसलेली. "पोरगा आल्याशिवाय मी हलणार नाही."

उंबरा ओलांडून पाणी आत आलं.

"अत्तै," सून सासूला म्हणाली, "त्याचा जीव तुमच्यात अडकलाय. त्याचा हात दोरावरून सुटला तर होडी त्याच्याच अंगावर येईल. तुम्ही वर गेलात हे मी जाऊन सांगते, मग तो नीट ओढेल."

म्हातारीनं डोळे मिटले. "खुर्ची आणा."

प्लॅस्टिकच्या खुर्चीत तिला साडीनं बांधलं. पुढे सून, मागे मी. दहा पावलांतच माझी कंबर बोलायला लागली, वळणावर पाय घसरला आणि खुर्ची कलली. "ह्याला कुणी पाठवलं?" म्हातारीनं विचारलं. तेवढ्यात शेजारच्या दोन मासळीवाल्या परत फिरल्या. एकीनं मला कोपरानं बाजूला सारलं, "सार, तुम्ही बॅटरी धरा."

शाळेच्या जिन्यावर मी फक्त बॅटरीच धरली. म्हातारी वर टेकली, तशी सून तडक किनाऱ्याकडे पळाली. लाल इशारा आला तेव्हा ती आणि तिचा नवरा दोघंही चिंब भिजून जिना चढत होती.

घरी आल्यावर बायकोनं कंबरेला मलम चोळत सगळं ऐकून घेतलं.

"पथकात आता त्या मासळीवाल्यांची नावं घाला," ती म्हणाली. "आणि तुमचं नाव उचलून नेण्याच्या यादीत टाका. नेणाऱ्यांच्या नव्हे."