लाल पेन आणि एकची रेषा

माझ्या मुलीचं बरोबर असलेलं उत्तर मी लाल पेनने चूक केलं. पेणमध्ये बावीस वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाने हे करावं, म्हणजे कमालच.

ती रोह्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. पेणला कॉलेज असताना रोहा का, तर इथे सगळे मास्तर माझे ओळखीचे. मला ते मनातून लागलं होतं. त्यात रोज जेवताना "आमचे सर म्हणतात" सुरू झालं. सर पोरगेलेसे, अठ्ठावीस-तीसचे. आमचे सर फळ्यावर नुसती अधिक-उणे चिन्हं बघतात, आमचे सर शंका विचारली की खूश होतात. मी आमटी वाढून घेत राहायचो.

त्या दिवशी तिची वही टेबलावर उघडी होती. त्यात एक अपूर्णांक: वर क्ष वजा तीन, खाली क्ष वजा एकचा वर्ग. क्ष एक झाला की खालचं शून्य, म्हणून तिथे एक उभी रेषा. आलेख तिच्या जवळजवळ जातो, पण तिला गाठत नाही. प्रश्न एवढाच, की रेषेच्या डावीकडून आणि उजवीकडून येताना तो वर सुटतो की खाली कोसळतो. मुलीने दोन्हीकडे खाली काढला होता. मी फुली मारली आणि डावीकडे खाली, उजवीकडे वर असा ऐटबाज आलेख काढून दिला. एका बाजूला खाली तर दुसऱ्या बाजूला वर, ही सवय हातात बसलेली. उदाहरणाकडे मी नीट बघितलंच नव्हतं; बघितलं ते समासातलं रोह्याच्या सरांचं अक्षर.

ती वही उचलून कॉलेजला गेली.

दुपारी स्टाफरूममध्ये मी गुपचूप आकडे घातले. शून्य दशांश नऊला वर उणे दोन दशांश एक, खाली शून्य दशांश शून्य एक. भागाकार उणे दोनशे दहा. एक दशांश एकला उणे एकशे नव्वद. खालचा वर्ग दोन्हीकडे धनच, वरचं दोन्हीकडे ऋण. दोन्हीकडे खाली. पोरगी बरोबर होती.

घरी मी तिला हे सांगितलं नाही. आणि त्या दिवसापासून वही टेबलावर यायची बंद झाली. मला भीती वाटली ती याचीच.

शहाण्या माणसाने चूक कबूल केली असती. मी रोह्याची एस.टी. पकडली.

खिशात एक उदाहरण होतं, खास सरांसाठी शोधलेलं. पालक म्हणून भेटायला आलोय म्हटल्यावर सर म्हणाले, "या ना सर, शंकांचाच तास चाललाय, बसा." मुलगी दुसऱ्या बाकावर. मला बघून तिचा चेहरा पडला.

"एक शंका माझीपण," मी म्हणालो, आणि फळ्यावर लिहिलं: वर क्ष वर्ग वजा क्ष वजा दोन, खाली क्ष वजा दोनचा वर्ग.

सरांनी दोन दशांश एक घातला. वर शून्य दशांश एकतीस, खाली शून्य दशांश शून्य एक. "एकतीस. म्हणजे उजवीकडे वर. खाली वर्ग आहे, तेव्हा डावीकडेही वर."

सर माझ्या सापळ्यात अडकले होते, आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

"सर," माझीच मुलगी म्हणाली, "एक दशांश नऊ घालून बघू या? वर उणे शून्य दशांश एकोणतीस येतंय. म्हणजे डावीकडे खाली."

सरांनी फळ्याकडे बघितलं आणि मोठ्याने हसले. "चुकलो की! दोनला वरचंही शून्य होतं, ते आधी बघायला हवं होतं. अवयव पाडा: क्ष वजा दोन गुणिले क्ष अधिक एक. एक कंस वरखाली उडाला, खाली वर्ग राहिलाच नाही. वा, सर, मस्त उदाहरण!" आणि सगळ्या वर्गाने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा मला त्या माणसाचा खरा हेवा वाटला. चुकायचं त्याला काहीच वाटत नव्हतं.

परतीच्या गाडीत नागोठणे गेलं तरी ती खिडकीबाहेर बघत होती.

"मुद्दाम आणलं होतंस ना, बाबा?"

"हो."

"आणि माझं?"

"तुझं बरोबर होतं. मला त्याच दुपारी कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या सरांवर जळत होतो," मी म्हणालो. तिने माझ्याकडे नीट बघितलं, आणि पिशवीतून वही काढली. हलत्या गाडीत मी माझ्या ऐटबाज आलेखावर वाकडीतिकडी फुली मारली. तिने पान उलटलं. "हे पुढचं बघ. पण आधी आकडे घाल हां."

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती खाडीकाठच्या गावची, वर्ग आणि कंसाशी तिचं काही देणंघेणं नाही. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

"म्हणजे स्वतःची चूक सांगायची सोडून दुसऱ्याची चूक काढायला गेलात," ती म्हणाली. "आणि तीसुद्धा तुम्ही नाय काढलीत, पोरीनेच काढली."