नोंदबाईंनी न लिहिलेलं वाक्य

एकतीस वर्षं सरकारी कचेरीत बैठकांची इतिवृत्तं लिहून बाई निवृत्त झाल्या, पण 'नोंदबाई' हे नाव काही निवृत्त झालं नाही. साहेब तासभर तावातावाने भांडायचे आणि बाई लिहायच्या, 'सविस्तर चर्चेअंती सहमती झाली.' अहवालात भांडण दिसता कामा नये, ही तिथली रीत होती आणि ती बाईंच्या हाडीमांसी खिळली होती.

आता गल्लीतली माणसं त्यांच्याकडे फोनवरची रेकॉर्डिंग घेऊन येत. परवा कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी आले.

"ताई, भाचा विमा एजंट झालाय, त्याने पॉलिसी सांगितलीय. बोलणं त्यानेच रेकॉर्ड करून पाठवलं. तीनदा ऐकलं, पण तो बोलतो म्हणजे गाडीच सोडतो! एका कागदावर उतरवून द्याल का? उद्या दुपारी तो सह्या घ्यायला येतोय."

घड्याळजींचे डोळे अधू होत चालले होते. अजून तीनेक वर्षं बारीक काम जमेल, असं डॉक्टर म्हणाले होते. साठवलेलं सगळं ते या पॉलिसीत घालणार होते, कारण दुकान बंद झाल्यावर नवराबायकोला त्यावरच जगायचं होतं. हे त्यांनी घड्याळाचं झाकण उघडावं तितक्या हळू सांगितलं. बाईंना गलबलून आलं, पण त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

संध्याकाळी कानाला फोन लावून बाईंनी कागद केला. हप्ता वर्षाला साठ हजार, दहा वर्षं. विमा सहा लाखांचा. पैसा बाजारात गुंतणार, त्यामुळे कमीजास्त होणार. पहिली पाच वर्षं काढता येणार नाही. पहिल्या वर्षात आत्महत्या झाली तर विम्याची रक्कम नाही, फक्त जमलेला निधी मिळणार. अपंगत्व आल्यास हप्ते कंपनी भरेल अशी जोडसोय आहे, पण आधीपासूनच्या आजारातून आलेलं अपंगत्व त्यात धरत नाहीत. हे शेवटचं भाचा इतक्या घाईने बोलला होता की बाईंना चारदा मागे जावं लागलं.

मग रेकॉर्डिंगमध्ये घड्याळजींचा प्रश्न होता. "तीन वर्षांनी माझा हात थांबला आणि हप्ता भरता आला नाही, तर पैसे मिळतील ना रे?"

"मामा, पैसे तुमचेच आहेत. कुठे पळून जाणार?"

बाईंनी लिहिलं, 'अडचण आल्यास पैसे मिळतील.' कागद त्याच संध्याकाळी पोचता केला आणि निवांत झोपल्या.

सकाळी चहा गाळताना त्यांचा हात थांबला. पाच वर्षं काढता येत नाही आणि तीन वर्षांनी मिळतील, ही दोन वाक्यं एकाच कागदावर कशी? त्यांनी पुन्हा ऐकलं. भाचा 'हो' म्हणालाच नव्हता! भाच्याने रेकॉर्डिंगसोबत पाठवलेल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात स्पष्ट होतं: हप्ते मध्येच थांबले तर विमा बंद, उरलेली रक्कम वेगळ्या निधीत, आणि हातात येणार पाच वर्षं पुरी झाल्यावरच.

म्हणजे नसलेली सहमती बाईंनीच घडवून आणली होती. कचेरीत असल्या सहमतीने नुसत्या फायली फुगल्या, इथे एका माणसाची म्हातारपणची दोन वर्षं कोरडी गेली असती. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की चहा तसाच ठेवून, पायात चुकीच्या चपला घालून त्या दुकानात गेल्या.

भाचा दुपारची वाट न पाहता आधीच येऊन बसला होता. फॉर्म काचेच्या कपाटावर पसरलेले, आणि घड्याळजी भिंगातून सहीची जागा शोधत होते.

"थांबा!" बाई धापा टाकत म्हणाल्या. "माझ्या कागदात एक ओळ खोटी आहे. मी लिहिली, त्याने सांगितली नव्हती."

भाच्याने मान खाली घातली. महिना संपत आला होता, ठरलेला आकडा गाठायचा होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बाईंना त्याचीही कीव आली, पण त्यांनी पेन उघडलं.

"बाळा, मामांनी विचारलेलं आता मी विचारते. तीन वर्षांनी हप्ता थांबला तर तेव्हाच पैसे मिळतील का? हो की नाही, एवढंच सांग."

दुकानातली सगळी घड्याळं चालू होती. कोणीच बोलेना.

"नाही," भाचा शेवटी म्हणाला. "पाच वर्षं नाही मिळणार. मामा, मी... सांगणार होतो."

घड्याळजींनी भिंग खाली ठेवलं. फॉर्म गोळा करून, कडा नीट जुळवून त्याच्या हातात दिले. "नंतर सांगितलं असतंस, तर तोवर माझ्या डोळ्यांना हा कागदही दिसला नसता रे," ते म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बाईंनी आपल्या कागदावरची ओळ खोडली. खाली लिहिलं, 'प्रश्न विचारल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग उत्तर आलं: नाही.'

एकतीस वर्षांत त्यांनी असलं इतिवृत्त कधी लिहिलं नव्हतं. त्यांनी त्याखाली स्वतःची सही केली.