कोरं लुगडं आणि सासूबाईंचं भाषण

लग्नात आईने मला कोष्ट्याच्या मागावरचं सुती लुगडं दिलं होतं. हिरवं, लाल काठाचं. सासरी पाऊल टाकताच सासूबाईंनी ते "जपून ठेवतो" म्हणून आपल्या पेटीत घातलं नि किल्ली कमरेला खोचली. माहेरचं कोरं लुगडं चांगल्या दिवशी नेसेपर्यंत पाण्यात घालायचं नाही, ही आमच्याकडची रीत. चांगला दिवस कोणता, हे मात्र सासूबाई ठरवत. पोळा चांगला नव्हता, दिवाळीही नव्हती.

पुढे धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. तिथे तरी तेच नेसून जावं, आईला दाखवावं, एवढीच माझी आस होती.

"मंडळातलं भाषण होऊ दे, मग देतो," सासूबाई म्हणाल्या.

गावात नुकतंच महिला मंडळ निघालं होतं. ग्रामसेविकेने सासूबाईंना लुगड्यांची निगा सांगायला उभं केलं. शाळेच्या ओसरीवर धानकऱ्यांच्या नि मासे धरणाऱ्या ढिवरांच्या बाया बसल्या होत्या. बहुतेकींकडे एक अंगावर, एक दांडीवर. त्यांना पेटीतल्या लुगड्यांची निगा सांगायची म्हणजे टकल्याला कंगवा विकायचा.

सासूबाईंना त्याचं काय! आवाज खणखणीत.

"पहिल्या धुण्याले थंड पाण्यात मीठ टाका. उन्हाळ्यात सावलीत वाळवा, नाई तं रंग उडते. पावसाळ्यात खळ देऊ नका, अन् ओलं घडी करून ठेवू नका, बुरशी धरते. हिवाळ्यात बाहेर काढा, हवा द्या, घडी बदला. पेटीत निंबाचा वाळला पाला ठेवा."

सगळं अगदी बरोबर होतं. मलाही क्षणभर अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू!

"अन् जपलेलं लुगडं कसं राह्यते, हे पाहा," असं म्हणत त्यांनी पिशवीतून माझं लुगडं काढलं आणि झोकात झटकलं.

घडीघडीवर भोकं. मागावर सुताला दिलेली खळ तशीच अंगात घेऊन ते पेटीत पडलं होतं, आणि कसरीच्या किड्यांनी खळीसकट सूतही खाल्लं होतं. पाला होता, पण कसरीला तो कोणी सांगितला नसावा.

पुढच्या बाया वाकून भोकं पाहू लागल्या. आता तरी सासूबाईंची जीभ टाळूला चिकटेल, असं मला वाटलं. पण त्यांनी लुगडं आणखी उंच धरलं.

"पाह्यलं? खळ न काढता ठेवलं का असं होते! म्हणून हे मुद्दाम आणलं."

ग्रामसेविकेने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. मला रडू फुटत होतं, पण सासूच्या भाषणाला सुनेने टाळ्या वाजवल्या नाहीत तर गाव काय म्हणेल? वाजवल्या.

घरी आल्यावर त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

"घे, तुह्या माहेरचं आहे. बहिणीच्या लग्नात नेस. अन् जरा जपून वापर."