भाड्याच्या घरातली मावसबहीण

माझी बदली नांदगावला झाली तेव्हा ऑफिसने सांगितलं होतं, सहा महिन्यांचंच काम आहे, तिथला माणूस मिळाला की तुम्ही परत नाशिकला. मी विमा कंपनीत आहे. अशा आश्वासनांचा मला अनुभव होता, तरी मी त्यावर विश्वास ठेवला. कारण मला तो ठेवायचा होता.

प्रश्न घराचा होता. इंदिरानगरमधला तो दोन खोल्यांचा फ्लॅट मिळवताना माझी चांगलीच दमछाक झाली होती. चाळिशीची, एकटी राहणारी, घटस्फोटित बाई. घरमालक फोनवर गोड बोलायचे आणि प्रत्यक्ष भेटीत "मिस्टर कुठे असतात?" एवढंच विचारून थांबायचे. या फ्लॅटचे मालक सायखेड्याचे बागायतदार होते. मुलं शिकायला नाशिकला येतील म्हणून त्यांनी तो घेऊन ठेवला होता, पण मुलं पुण्याला गेली. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "भाडं टायमावर देणार ना?" मी हो म्हटलं. अकरा महिन्यांचा करार झाला, रीतसर नोंदला गेला, पोलिसांकडे माझी माहिती गेली. तो संपल्यावर दुसरा करार झाला. त्याला जेमतेम दोन महिने झाले होते आणि बदलीचा कागद आला.

घर सोडलं तर परत आल्यावर पुन्हा तीच वणवण. ठेवलं तर रिकाम्या घराचं भाडं आणि नांदगावच्या खोलीचंही.

त्याच सुमारास मला एक नर्स भेटली. भेटली म्हणजे ओळख आधीची होती. वर्षभरापूर्वी माझं ऑपरेशन झालं, तेव्हा चार दिवस तीच माझ्याजवळ असायची. सुरगाण्याकडची, शांत, हाताला हलकी. नवरा सातपूरला कंपनीत कंत्राटावर, आणि पाच वर्षांची मुलगी. हॉस्पिटलने स्टाफची राहायची जागा बंद करायचं ठरवलं होतं आणि तिला पंधरा दिवसांत खोली हवी होती. जाईल तिथे आधी आडनाव विचारत, मग गाव, मग "कळवतो" म्हणत. तपासणीसाठी गेले असताना हे तिने मला सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून.

मी तिथेच म्हटलं, "माझ्या घरात राहा. सहा महिने. मी देते तेवढंच भाडं दे."

ती म्हणाली, "ताई, मालकांना चालेल का?"

"मी बघते ते."

मी काही बघितलं नाही. मालकांना फोन करायचा म्हणून दोनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. ते नाही म्हणाले असते तर मग काहीच करता आलं नसतं. विचारलंच नाही तर निदान नाही तरी म्हणणार नाहीत, असा माझा हिशोब. करारात स्वच्छ लिहिलेलं होतं की जागा मी स्वतःच्या राहण्यासाठीच वापरायची, दुसऱ्या कुणाच्याही ताब्यात द्यायची नाही. ते मी दोनदा सही करून मान्य केलं होतं. पोटभाडेकरू ठेवणारी माणसं वेगळी, ती वरचे पैसे खातात. मी एक रुपयाही जास्त घेत नाहीये, असं मी मनाला समजावलं. मन लगेच समजलं.

सोसायटीत मी सांगितलं, माझी मावसबहीण सुरगाण्याहून राहायला येतेय. सेक्रेटरी निवृत्त शिक्षक होते. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "तुमच्या मावशी सुरगाण्याला दिल्या होत्या?"

"हो," मी म्हणाले.

नर्सला हे आवडलं नव्हतं. तिने तसं बोलून दाखवलं नाही, पण मुलीला "ही मावशी हं" असं शिकवताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मुलगी मात्र खूश होती. तिला आयती मावशी मिळाली.

आमच्यात कागद असा कुठलाच नव्हता. तिने अनामत म्हणून थोडी रक्कम दिली, ती मी घेतली आणि पावती द्यायचा प्रश्न दोघींनीही काढला नाही. ती दर महिन्याला मला पैसे पाठवायची, मी ते मालकांना. एका महिन्यात तिचा पगार रखडला तेव्हा मी माझ्या खिशातून भरले. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, की हिने द्यायचे थांबवले तर मी काय करणार? मालकांकडे तक्रार करू शकत नाही, पोलिसांकडे जाऊ शकत नाही. उद्या हिने खिडकी फोडली, नळ उघडा ठेवून खालच्याचं छत भिजवलं, तरी जबाबदार मीच. पुढच्या महिन्यात तिने दोन्ही महिन्यांचे पैसे एकदम पाठवले आणि तो विचार मी सोडून दिला.

नोव्हेंबरात तिचा फोन आला. मुलीला पुढच्या वर्षी पहिलीत घालायचं होतं. घराजवळच्या इंग्रजी शाळेत आरटीईतून मोफत प्रवेशासाठी अर्ज करायचा होता. जातीचा दाखला तिच्याकडे होता. पण आधार कार्डावर गावाकडचा पत्ता. इथे राहत असल्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार लागणार होता, आणि तोही अर्ज सुरू व्हायच्या आधीचा.

"ताई, तुम्ही माझ्या नावाचा करून द्याल का?"

"अगं, मी कसा करून देणार? घर माझं नाही."

"मग कोण देणार?"

उत्तर आम्हा दोघींना माहीत होतं. "बघू," मी म्हणाले. "अजून वेळ आहे."

तिने दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा मी बघू म्हणाले. तिसऱ्यांदा तिने मला विचारलंच नाही. एका रविवारी मुलीला घेऊन ती एसटीने सायखेड्याला गेली. मालकांचा पत्ता करारावर होता आणि कराराची प्रत माझ्याच स्वयंपाकघरातल्या खणात.

सोमवारी सकाळी मी नांदगावच्या ऑफिसात बसले होते. मालकांचा फोन.

"मॅडम, तुमच्या घरात राहत्यात त्या बाई काल येऊन गेल्या."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "हो का? माझी मावसबहीण..."

"त्यांनी सांगितलं कोण हायेत त्या," ते म्हणाले. "शनिवारी नाशिकला या. मी बी येतो."

त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. आठवडाभर मी मनात वेगवेगळी स्पष्टीकरणं जुळवली. नर्सला फोन करून भांडायचंही ठरवलं. मग लक्षात आलं, की तिने माझ्यावर केलेला अन्याय मला नीट सांगता येत नाही.

शनिवारी मी माझ्या घराची बेल वाजवली. दार नर्सने उघडलं. आत मालक खुर्चीवर बसले होते, शेजारी माझे दोन्ही करार करून देणारा एजंट, मांडीवर लॅपटॉप. मी उभीच राहिले, कारण बसा म्हणायचं कुणी हा प्रश्न होता.

"काका, माझं चुकलं," मी सुरुवात केली. "यांची अडचण होती..."

"अडचण कळली मला. त्यांनी सगळी सांगितली," ते म्हणाले. "तुम्ही का नाय सांगितली? एक फोन करायचा. मी काय वाघ हाय का?"

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं."

"म्हणलो बी असतो. घर माझं हाय, मला तेवढा हक्क नाय का?" त्यांनी एजंटकडे बोट केलं. "पोलिसांत फोटो तुमचा, नाव तुमचं, अन् घरात माणसं दुसरीच. उद्या काय इपरीत झालं तर पोलीस पहिले कोणाच्या दारात येणार? मी काय सांगणार त्यांना, मला माहीत नाय?"

एजंटने मला कलम वाचून दाखवलं. मला ते पाठ होतं तरी मी ऐकून घेतलं. वागणूक कराराविरुद्ध असेल तर महिन्याची नोटीस देऊन मालक करार रद्द करू शकतात. आणि समजा मुदत संपली आणि घर रिकामं झालं नाही, तर कायद्याने दुप्पट भाडं.

"कोणाकडून?" मी विचारलं.

"तुमच्याकडून, मॅडम. आत कोण राहतंय, ते का जात नाही, हे मालकांनी बघायचं नसतं. ताबा तुम्हाला दिला, परत तुम्हीच द्यायचा."

मी नर्सकडे पाहिलं. ती मुलीला पोटाशी धरून ओट्याजवळ उभी होती. तिने मनात आणलं असतं तर मला किती अडकवता आलं असतं, हे मला तेव्हा कळलं. आणि तिलाही मी एका फटक्यात रस्त्यावर आणू शकले असते. इतके महिने आम्ही अशा एकमेकींच्या मुठीत होतो आणि त्याला मी मदत म्हणत होते.

मालक नर्सला म्हणाले, "बाई, तुमच्या नावाचा कागद नाय. खरं तर तुम्ही इथं कोणीच नाय."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर तुमच्याकडे आले. जा म्हणालात तर जाईन. पण खोटं पुरे झालं. ही पोरगी शाळेत जाऊन काय सांगंल?"

मालक खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, दोन दिवसांनी कळवतो.

कळवलं ते असं: माझा करार रद्द. नर्सच्या नावाने नवा. पुढच्या रविवारी एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. आधी रद्द केल्याच्या कागदावर माझी सही आणि अंगठा, मग त्याच टेबलावर नव्या करारासाठी तिचा. पोलिसांकडे तिची आणि तिच्या नवऱ्याची माहिती त्याच दिवशी गेली. खरं कळल्यावर सोसायटीने खोटं सांगून भाडेकरू ठेवल्याबद्दल दंड लावला होता. तो मालकांनी माझ्या डिपॉझिटमधून कापला आणि उरलेलं परत केलं, सोबत दंडाची पावती. त्यातूनच मी नर्सची अनामत तिथल्या तिथे तिला दिली. सेक्रेटरींनी जिन्यात मला नमस्कार केला आणि मावशींची चौकशी केली नाही.

सामान टेम्पोत चढवताना नर्स खाली आली. "ताई, रागावलात?"

"रागावले होते," मी म्हणाले. खरं तर अजून होते. तिच्यावर की मालकांवर, ते मात्र ठरत नव्हतं. आपण सोय केली त्या माणसाने आपल्या जागी बसावं, आणि तेही सरळ रस्त्याने, हे पचायला वेळ लागतो.

सहा महिन्यांचं काम पुढे दीड वर्ष चाललं. म्हणजे घर तेव्हाच सोडलं असतं तरी काही बिघडलं नसतं. मुलीचं नाव सोडतीत पहिल्या यादीत आलं नाही, प्रतीक्षा यादीतून आलं. हे मला तिच्या आईने मेसेज करून कळवलं. मी अंगठा पाठवला, मग बरं वाटेना म्हणून फोन केला. दहा मिनिटं आम्ही फक्त गणवेशाबद्दल बोललो.

परत आल्यावर नाशिकरोडला घर पाहिलं. नवे मालक बँकेतून निवृत्त झालेले, खालच्याच मजल्यावर राहतात. आधीच्या घरमालकांचा नंबर त्यांनी मागितला. मी दिला, न देऊन चालण्यासारखं नव्हतं. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला, काही वेळ हं हं केलं, आणि ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, भाडं वेळेवर देतात, घर स्वच्छ ठेवतात." त्यांनी फोन खिशात ठेवला. "आणि म्हणाले, नातेवाईक आले तर आधी विचारून घ्या."

मी त्यांना सगळं सांगितलं. इतकं सविस्तर मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी मध्ये एकदाही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाले, एक तारखेला किल्ली घेऊन जा.