रसिलाबेनचे फेल गेलेले पैसे

आमच्या रावपुऱ्यात रसिलाबेन शिवणाच्या बाई म्हणून ओळखल्या जायच्या. उधारीचा त्यांना भारी तिटकारा. "जिचं नाव उधारीत, तिची मान खाली," असं त्या मला माझ्याच दुकानात ऐकवायच्या. झेरॉक्सचे दोन रुपयेसुद्धा आधी गल्ल्यावर ठेवत, मग कागद पुढे करत.

तर दसऱ्याला धनसुखभाईंच्या दुकानात फाफडा-जलेबीची ही रांग. रसिलाबेननी मोबाइलवरून सहाशे चाळीस भरले. बँकेचा मेसेज आला, पैसे गेले. मोबाइल म्हणाला, पेमेंट फेल. आणि पैसे जमा झाले की रक्कम ओरडून सांगणारं धनसुखभाईंचं डबडं मुकं ते मुकंच.

"घेऊन जा बेन, पैसे कुठं पळून जातायत?" धनसुखभाई म्हणाले.

"म्हणजे उधार?"

"उधार कसलं? नंतर द्या."

"त्यालाच उधार म्हणतात. मी दिलेत. मेसेज बघा."

मागच्या रांगेनं तेवढ्यात त्यांना पुड्यासकट बाहेर ढकललं. तशाच त्या माझ्याकडे आल्या आणि "केशवभाई, बँकेला मेल लिहा" म्हणून बसल्या. मजकूर त्यांनी सांगायला घेतला तो सासरे बँकेत पहिलं खातं उघडायला गेले तिथपासून. मला राग आवरेना.

"बेन, बँकेला सासरे नकोत, नंबर हवा."

शेवटी मी चार ओळी लिहिल्या: तारीख, रक्कम, संदर्भ क्रमांक ५२७५०१४४८३१९, आणि पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा, 'लाभार्थी बँक उपलब्ध नाही'. सोबत मेसेजचा फोटो. खाली त्यांनी हट्टानं एक ओळ घालायला लावली: 'मी पैसे दिले आहेत, हे दुकानदारास लेखी कळवावे.'

लगेच तक्रार क्रमांक आला. चौथ्या दिवशी उत्तर. मीच वाचून दाखवलं: रक्कम दुकानदाराच्या खात्यात जमा झाली नव्हती, ती तुमच्या खात्यात परत केली आहे.

"जिंकलात बेन," मी म्हणालो.

त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी दिलेच नव्हते. चार दिवस फुकटचा फाफडा पोटात." चेहरा असा पडला की मला हसू येत होतं ते गिळावं लागलं.

तशाच त्या एटीएममध्ये गेल्या आणि नोटा घेऊन धनसुखभाईंच्या घरी. सणाच्या दगदगीनं त्यांनी दुकान बंदच ठेवलं होतं. मीही मागोमाग गेलो, तमाशा चुकवायचा कशाला? बायको गेल्यापासून एकटेच राहणारे धनसुखभाई बनियनवर दाराशी आले.

"घ्या. आणि मला माफ करा."

"काय बेन तुम्ही! माझी लीला गेली तेव्हा महिनाभर खिचडी आणलीत. तुम्ही पैसे मागितलेत का? ते यात धरा."

रसिलाबेननी नोटा त्यांच्या मुठीत कोंबल्या. इतकं रागावलेलं मी त्यांना बँकेवरही पाहिलं नव्हतं.

"ती उधारी नव्हती, धनसुखभाई. ती खिचडी होती."

धनसुखभाईंनी नोटा घेतल्या. मोजल्या मात्र नाहीत.