न लिहिलेला कंस

कारखान्यात आणि घरातही त्यांना सगळे कंसमामा म्हणत. कुठलंही गणित लिहिताना दोन कंस जास्तच टाकायची त्यांना सवय होती, आणि भाचरांनी मामाला असं नाव ठेवल्यावर ते पुसायची कुणाची टाप नव्हती. मामा स्वतःही हसायचे. "जास्त कंसानं कुणी मरत नाही," असं म्हणायचे.

अवजड यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात ते क्रेनच्या कामाचे नियोजक होते. कुठलं धूड कुठल्या तारेच्या दोरानं आणि किती वेगानं उचलायचं, याचे नियम ते ठरवत; उचलीच्या वेळचा हिशेब सुपरवायझर करायचा. अंगानं किडकिडीत, आवाजानं मवाळ, पण दोराच्या बाबतीत खडूस. दोरावरून हात फिरवून तारेचा एखादा तुटका काटा बोटाला लागला, की त्यांचा चेहरा पडायचा. बायको गेल्यापासून सुट्टीचं जेवण ताईकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे, ठरलेलं.

अशाच एका सुट्टीच्या दुपारी ताईची मुलगी फोन नाचवत आली. ती शाळेत गणित शिकवायची.

"मामा, हे बघ. सगळीकडे फिरतंय. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर तर नुसती हाणामारी चालू आहे."

फोनवर लिहिलं होतं: २४ ÷ २(१+१)² = ?

दाजींनी ताटावरूनच मान लांब केली. "सोपं आहे की. कंसात दोन. बाहेर दोन. दोन दुणे चार, चाराचा वर्ग सोळा. चोवीस भागिले सोळा. दीड!"

"बाबा, वर्ग फक्त कंसाचा आहे, बाहेरच्या दोनाचा नाही," भाची म्हणाली. "आधी कंस, मग घात. दोनाचा वर्ग चार. इथपर्यंत कुणाचंच भांडण नाही. भांडण पुढे आहे."

"पुढे काय? चोवीस भागिले दोन गुणिले चार," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. "शाळेत कंचेभागुबेव घोकलंय मी. आधी भागाकार. बारा चोक अठ्ठेचाळीस."

"हे बघ हं आई," भाचीनं टेबलावर दोन कॅल्क्युलेटर ठेवले. एक तिचा, एक शाळेचा. दोन्हींत तेच, जसंच्या तसं दाबलं. तिच्यावर आलं अठ्ठेचाळीस. शाळेच्यावर आलं तीन.

दाजी खूश झाले. "म्हणजे तुमच्या शाळेचा बिघडलाय!"

"नाही दाजी," मामा म्हणाले. त्यांनी घास खाली ठेवला होता. "दोन्ही धडधाकट आहेत. दोन आणि कंस यांच्यात गुणिलेची खूण नाही ना? एक म्हणतो, खूण नाही तरी गुणाकारच आहे, बाकी गुणाकारांसारखाच. भागाकार-गुणाकार एका पायरीवरचे, डावीकडून करत जायचं. अठ्ठेचाळीस. दुसरा म्हणतो, जे खुणेशिवाय चिकटवलंय ते एकसंध आहे, भागाकाराच्या आधी तेच करायचं. दोन चोक आठ, चोवीस भागिले आठ, तीन. ज्यानं यंत्र बनवलं त्यानं जे ठरवलं ते."

"मग बरोबर कोण?"

"लिहिणारा चूक. त्यानं एक कंस टाकायला हवा होता. चोवीस भागिले, कंसात दोन गुणिले…"

बोलता बोलता ते थांबले. शाळेचा कॅल्क्युलेटर उचलून त्यांनी उलटा करून पाहिला, मग भाचीचा पाहिला. तिचा नवा होता, निळ्या काठाचा.

"हा कधी घेतलास?"

"मागच्या वर्षी. का रे?"

मामांच्या कारखान्यातही मागच्या वर्षी जुने कॅल्क्युलेटर टाकून नवे आले होते. निळ्या काठाचे.

क्रेनच्या पायाशी एक पत्र्याचा फलक होता. दोराला किती भार झेपेल याचा कारखान्याचा नियम त्यावर रंगवलेला होता. दोर पन्नास टनांना तुटतो. त्याला पाचानं भागायचं, म्हणजे पाचपट सुरक्षितता. पण भार वेगानं उचलला की दोराला झटका बसतो, म्हणून भाजक आणखी वाढवायचा: पाचाला, एक अधिक वेगाचा वर्ग, यानं गुणायचं. मामांनी कागदावर तो नियम आडव्या रेघेचा अपूर्णांक करून लिहून दिला होता. वर पन्नास, खाली बाकी सगळं. रंगाऱ्यानं सांगितलं, पत्र्यावर दोन मजले बसत नाहीत, एका ओळीत लिहू का? मामा घाईत होते. लिही म्हणाले.

पत्र्यावर आलं: ५० ÷ ५(१ + वेग²).

जगभर कंस वाटत फिरणाऱ्या माणसानं तिथे एक कंस टाकला नव्हता.

मामांनी भाचीच्या कॅल्क्युलेटरवर वेग म्हणून सेकंदाला अर्धा मीटर घातला. अर्ध्याचा वर्ग पाव. उत्तर यायला हवं होतं पन्नास भागिले सव्वासहा, म्हणजे आठ टन, कारखान्याच्या जुन्या कॅल्क्युलेटरवर यायचं तसं. पडद्यावर आलं साडेबारा. त्यांनी वेग कमी करून एक दशांश मीटर घातला. आलं दहा पूर्णांक एक दशांश.

"अगं आई गं," ते पुटपुटले.

"काय झालं?" ताई बाहेर आली.

"वेग वाढवला की भार जास्त चालतो म्हणतोय हा. उलटं. सगळं उलटं."

त्यांनी क्रेनच्या सुपरवायझरला फोन लावला. सुट्टीच्या दिवशी शॉप, म्हणजे यंत्रं जुळवायची शेड, रिकामं असतं, म्हणून मोठी उचल नेहमी सुट्टीला ठेवत. आज साडेनऊ टनांचा गिअरबॉक्स दुसऱ्या टोकाला न्यायचा होता. फोन वाजत राहिला. तिसऱ्यांदा उचलला गेला.

"बोला मामा! जेवलात का?" मागे मोटरची घरघर ऐकू येत होती.

"गिअरबॉक्स कुठाय?"

"वर. आत्ताच उचलला. छान पळतोय."

"पळतोय म्हणजे? किती वेगात?"

"पूर्ण. अर्धा मीटर. हिशेब केला ना मी. हळू घेतलं तर दहापर्यंतच, जेमतेम. वेगात घेतलं तर साडेबारा, भरपूर मार्जिन. आम्ही तर वर्षभर असंच…"

"थांबव," मामा म्हणाले. मग लगेच ओरडले, "नाही! एकदम थांबवू नकोस! झटका बसेल. वेग सावकाश उतरव. आणि खालची माणसं बाहेर काढ. सगळी. आत्ता."

जेवणाच्या टेबलाभोवती कुणी हलेना. फोनमधून सुपरवायझरच्या हाका आल्या, धावणारे बूट आले, आणि मोटरचा आवाज हळूहळू खाली उतरत गेला. मग नुसती शांतता. त्या शांततेत वरून काहीतरी कुरकुरत होतं, लाकडी पलंगावर कुणी कूस बदलावी तसं.

"मामा," सुपरवायझर दबक्या आवाजात म्हणाला, "दोर बोलतोय."

"तिथेच आहे ना लटकलेला? जमिनीपासून किती?"

"दोन माणसं उंच."

मामांनी कपाळ पुसलं. जवळ कागद नव्हता. त्यांनी ताटाशेजारच्या टेबलावरच बोटानं लिहिलं. एक दशांशाचा वर्ग, एक शतांश. एक अधिक एक शतांश. पाचानं गुणून पाच पूर्णांक पाच शतांश. पन्नासला त्यानं भागलं की दहाला किंचित कमी.

"ऐक. सर्वांत हळू गिअर. एक दशांश. त्या वेगाला नियमात साडेनऊ बसतं, जेमतेम. वेग दुप्पट केलास तर झटक्याचा वाटा चौपट होईल, ध्यानात ठेव. सरळ खाली घे. बाजूला नाही. मध्ये थांबायचं नाही."

"आणि दोर आतून खराब झाला असेल तर?"

"म्हणूनच खाली कुणी नको. घे," मामा म्हणाले.

गिअरबॉक्स खाली येईपर्यंत ताईच्या घरात कुणी घोटभर पाणी प्यायलं नाही. शेवटी फोनमधून जड, बुटका आवाज आला आणि सुपरवायझर रडवेला होऊन म्हणाला, "टेकला."

मामा तसेच कारखान्यात गेले. दोर उतरवून त्यांनी तो पिळाविरुद्ध उघडला. बाहेरून तेल लावलेला, चकचकीत. आतला गाभा भुशासारखा झाला होता. तुटक्या तारा मुठीनं बाहेर आल्या. वर्षभर तो दोर रोज थोडा थोडा मरत होता, आणि वरून हात फिरवणाऱ्या मामांच्या बोटाला काही लागलं नव्हतं.

मामांनी स्वतः शिडी लावून फलक काढला. तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "याचा फोटो पलीकडच्या गोदामानं पण नेला होता. त्यांनीही असाच रंगवलाय."

तिथे फोन कुणी उचलेना. सकाळी गोदाम उघडायच्या आधी मामा दारात उभे होते. फलक दिसला. तीच ओळ, जास्त सुबक अक्षरात. पण क्रेनवरचा दोर कोरा करकरीत होता.

"नवा दिसतोय," मामा म्हणाले.

"जुना तुटला ना," गोदामाचा व्यवस्थापक म्हणाला. "हूक लावणाऱ्याचा हात गेला बिचाऱ्याचा. त्यानंच भार तिरका बांधला होता. हलगर्जीपणा. काढून टाकावं लागलं."

"तिरका बांधलेला कुणी पाहिला?"

"पाहायला कशाला हवं? हिशेबात बसत होता भार. मग दुसरं काय कारण असणार?"

मामांनी भार किती होता ते विचारलं, वेग विचारला. खिशातल्या जुन्या कॅल्क्युलेटरवर हिशेब केला आणि गोदामातल्या निळ्या काठाच्या नव्या कॅल्क्युलेटरवर केला, आणि दोन्ही पडदे व्यवस्थापकासमोर धरले. व्यवस्थापक आधी हसला. मग त्यानं खुर्ची ओढली आणि बसला.

त्याच दिवशी मामा त्या माणसाच्या घरी गेले. अरुंद जिना, वर एकच खोली. माणूस खिडकीपाशी बसला होता. उजवी बाही मनगटापाशी दुमडून पिन लावलेली. बायकोनं पाणी आणून ठेवलं आणि ती दारातच उभी राहिली.

मामांनी सगळं सांगितलं. फलक, रंगारी, घाई. काही गाळलं नाही. माणूस ऐकत राहिला.

"मी रोज रात्री ते बांधतो," तो शेवटी म्हणाला. "झोपेत. सरळच बांधलं होतं का, ते आठवत बसतो. लोक इतक्यांदा म्हणाले, की मलाच वाटायला लागलं तिरकं होतं म्हणून."

"सरळच होतं."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही नव्हता तिथे."

"नव्हतो. पण त्या भाराला तो दोर सरळ बांधूनही तुटलाच असता. आज नाही तर उद्या."

माणूस बायकोकडे बघून म्हणाला, "ऐकलंस?" तिनं मामांपुढचा न प्यालेला पेला उचलला आणि आत नेला.

चौकशी झाली. हलगर्जीपणाचा ठपका पुसला गेला आणि त्या माणसाला गोदामात दुसरं काम मिळालं. मामांना समज मिळाली. ती त्यांना फार कमी वाटली. त्यांनी नियोजकाचं काम सोडलं नाही, सोडावं असं मात्र कित्येकदा वाटलं. सगळे फलक त्यांनी नव्यानं रंगवून घेतले, दोन मजल्यांचे, मध्ये आडवी रेघ, आणि रंगारी काम करत असताना ते मागे उभे राहिले. कारखान्यात कुणी आता त्यांना कंसमामा म्हणेनासं झालं. कुणी ठरवलं नव्हतं, पण ते नाव कुणाच्या तोंडी येईना.

फलकाचे फोटो आणखी कुणी कुणी नेले होते, हे मात्र कुणालाच नक्की सांगता आलं नाही. मामा अजून विचारत असतात. कुठल्याही नव्या शॉपमध्ये शिरले, की माणसांशी बोलण्याआधी त्यांची नजर क्रेनच्या पायाशी जाते.